पाकिटाची मागची बाजू: पोषण तक्ता, बारकोड आणि क्यूआरची जागा खोटे आकडे न टाकता कशी सोडायची

पॅकेजिंग डिझाईन करणाऱ्या कुणालाही विचारा, पाकिटाची पुढची बाजू करताना मजा येते आणि मागची बाजू करताना जांभया येतात. पुढे नाव, फोटो, रंग, सगळा थाटमाट. मागे तक्ता, पत्ता, बारकोड. आणि मॉकअप दाखवायच्या वेळी मागचा डेटा आलेलाच नसतो, लॅबचा रिपोर्ट यायचाय, बारकोडचा नंबर यायचाय, क्यूआरची लिंक कुठे जाणार हे क्लायंटच्या घरात अजून ठरलेलंच नाही. मग आपण काय करतो, नेटवरून एक पोषण तक्ता उचलतो, एक बारकोड उचलतो, एक क्यूआर उचलतो, चिकटवतो आणि मेल करतो. मीही कित्येक वर्षं हेच केलंय.

मग एकदा पाचशे स्टिकर्स वाया गेले. एका प्रदर्शनासाठी घाईत छापलेले, क्लायंट म्हणाले मॉकअप छान आहे तोच छापा, आणि त्या मॉकअपवरचा बारकोड मी डाऊनलोड केलेल्या टेम्प्लेटमधला होता. प्रदर्शनानंतर उरलेला माल त्यांनी ओळखीच्या दुकानात ठेवला आणि दुकानदाराने स्कॅन केला तर बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये शॅम्पू आला. टेम्प्लेट बनवणाऱ्याने कुठल्यातरी खऱ्या मालाचाच नंबर वापरला होता आणि मी तो साधा मोबाईलवर स्कॅन करूनही पाहिला नव्हता. त्या दिवसापासून माझा नियम असा की जागा खरी सोडायची, मापासकट, पण आत आकडा टाकायचा नाही. आणि टाकायचाच झाला तर तो जगात कुणाचाच नसलेला टाकायचा. हे कसं जमवायचं ते एका पाकिटावर दाखवते.

पाकीट आहे भडंगाचं, २०० ग्रॅम, झिपवालं उभं राहणारं पाऊच. क्लायंट ताई सांगलीकडच्या. पाऊच १६० मिमी रुंद, २४० मिमी उंच. आता मागची बाजू पूर्ण मिळत नाही हे आधी लक्षात घ्या. दोन्ही कडांना १० मिमीचं सील, त्याच्या आत ५ मिमी सेफ्टी, म्हणजे रुंदी उरली १३०. वर सील, टांगायचं भोक आणि झिप मिळून ५० गेले, खाली घडीजवळ ४० गेले, म्हणजे उंची उरली १५०. सगळा संसार या १३० बाय १५० मध्ये मांडायचाय. ही माप-वजाबाकी न करता मॉकअप केला की शेवटी बारकोड घडीवर जातो, आणि घडीवर गेलेला बारकोड स्कॅन होईल ही आशा सोडून द्या.

आता तक्ता. नेटवर "न्यूट्रिशन पॅनल" शोधलं की काळ्या जाड रेघांची जी चौकट मिळते ती अमेरिकेतली आहे, त्यात व्हिटॅमिन डी, कॅल्शियम, आयर्न, पोटॅशियमच्या ओळी असतात. आपल्याकडे एफएसएसएआय या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे २०२० चे लेबलिंग नियम लागतात आणि त्यात मागितलेल्या ओळी वेगळ्या आहेत: ऊर्जा, प्रोटीन, कार्बोहायड्रेट, एकूण साखर, वरून घातलेली साखर, एकूण फॅट, सॅच्युरेटेड फॅट, ट्रान्स फॅट, कोलेस्टेरॉल, सोडियम. दहा ओळी. म्हणजे अमेरिकन चौकट टाकली की नुसते आकडे खोटे राहत नाहीत, आख्खा साचाच खोटा होतो आणि खरा डेटा आला की मागची बाजू पुन्हा मांडायची वेळ येते, क्लायंटला वाटतं ही बाई दुसऱ्यांदा पैसे मागतेय.

माझं म्हणणं असं की या दहा ओळींची नावं मॉकअपमध्ये खरीच लिहा. ती नियमाने ठरलेली आहेत, लॅबचा रिपोर्ट आला म्हणून बदलणार नाहीत. रकाने पण खरे ठेवा: दर १०० ग्रॅममध्ये किती, आणि एका सर्व्हिंगमधून रोजच्या गरजेच्या किती टक्के. हा टक्क्यांचा रकाना मांडताना एक बारीक गोष्ट आहे जी टेम्प्लेटवाल्यांना कधीच माहीत नसते. रोजच्या गरजेचा आधार नियमात सहाच गोष्टींसाठी दिलाय, ऊर्जा २००० किलोकॅलरी, एकूण फॅट ६७ ग्रॅम, सॅच्युरेटेड २२ ग्रॅम, ट्रान्स २ ग्रॅम, वरून घातलेली साखर ५० ग्रॅम आणि सोडियम २००० मिलिग्रॅम. म्हणजे दहापैकी चार ओळींपुढे, प्रोटीन, कार्बोहायड्रेट, एकूण साखर आणि कोलेस्टेरॉल, टक्क्यांच्या रकान्यात नुसती आडवी रेघ येते. मॉकअपमध्येच ही रेघ टाकून ठेवली तर तक्ता खरा दिसतो, आणि विशेष म्हणजे त्यात एकही खोटा आकडा नसतो.

मग आकड्यांच्या जागी काय? इथे बरेच जण शून्य टाकतात. नका टाकू. शून्य हा आकडाच आहे, "ट्रान्स फॅट ० ग्रॅम" हा सरळसरळ दावा आहे, आणि तो मॉकअप इन्स्टावर "लवकरच येत आहे" म्हणून गेला की लोक तो दावा म्हणूनच वाचणार. मी फुल्या टाकते. आणि फुल्या किती टाकायच्या तेही विचार करून, कारण डमीचं खरं काम रुंदी तपासणं आहे. सोडियम मिलिग्रॅममध्ये असतं, खारट फरसाणात ते सहज तीन आकडी जातं, चार आकडीही होऊ शकतं, म्हणून तिथे "××××.×" एवढी जागा. प्रोटीनला "××.×" पुरे. सगळीकडे एकच एक "××" टाकलं तर खरे आकडे आल्यावर रकाना फुगतो आणि मग कुणीतरी अक्षर बारीक करतं, आणि बारीक करत करत ते वाचायलाच येत नाही.

भाषेचंही बघा. सक्तीची माहिती इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत द्यावी लागते, मराठी वरून जादा देता येतं पण नुसतं मराठी चालत नाही. आमच्या ताईंना मराठी हवंच होतं, "आमचं गिऱ्हाईक मराठी वाचतं गं", म्हणून प्रत्येक ओळीत इंग्रजी आणि खाली मराठी असं धरलं. त्यामुळे ओळीची उंची साडेचार मिमी झाली, दहा ओळी म्हणजे ४५, वर शीर्षकाला ८, खाली सर्व्हिंगची टीप ७, झाला तक्ता ६० मिमी उंच आणि ६६ मिमी रुंद. आधी मी इंग्रजीचाच धरून ४५ मिमीचा डबा सोडला होता, तो चुकलाच असता.

तक्त्यात खोटे आकडे शिरलेत का हे ओळखायची सोपी युक्ती सांगते, दुसऱ्याचा मॉकअप हातात आला की मी हेच करते. प्रोटीनचे ग्रॅम गुणिले ४, कार्बचे गुणिले ४, फॅटचे गुणिले ९, बेरीज साधारण ऊर्जेएवढी यायला हवी. मागे एका टेम्प्लेटमध्ये होतं: ऊर्जा २५०, प्रोटीन ४, कार्ब ३०, साखर ३४, फॅट ६. आता करा, १६ अधिक १२० अधिक ५४, झाले १९०. ऊर्जा लिहिलीय २५०. वर साखर कार्बपेक्षा जास्त, म्हणजे पेल्यात दूध पाव लिटर आणि साय अर्धा लिटर असला प्रकार. साखर कार्बच्या आतच मोजतात, सॅच्युरेटेड फॅट एकूण फॅटच्या आत, वरून घातलेली साखर एकूण साखरेच्या आत. खऱ्या तक्त्यात फायबर वगैरेमुळे ऊर्जेच्या बेरजेत थोडं इकडेतिकडे होतं, पण साठचा फरक म्हणजे कुणीतरी मनाने आकडे मारलेत.

बारकोडकडे येऊ. आपल्याकडे किराण्याच्या मालावर तेरा आकड्यांचा ईएएन-१३ असतो. पूर्ण मापात तो ३७.२९ मिमी रुंद आणि २५.९३ मिमी उंच, आणि या रुंदीत दोन्ही बाजूंची मोकळी पांढरी जागाही धरलेली आहे. लोक फसतात ते इथेच. काळ्या रेघा स्वतः ३१.३५ मिमीच असतात, बाकी डावीकडे ११ आणि उजवीकडे ७ मॉड्यूल, म्हणजे सगळ्यात बारीक रेघेच्या तेवढ्या पट, मोकळी सोडावी लागते, नाहीतर स्कॅनरला रेघा कुठे सुरू झाल्या ते कळत नाही. डमी म्हणून नुसत्या रेघांचं चित्र टाकलं की ही मोकळी जागा चित्रात नसते, मग डिझायनर शेजारी मिरचीचं चित्र आणून चिकटवतो, आणि खरा बारकोड आला की मिरची कापावी लागते. म्हणून मी रेघा टाकतच नाही. ४० बाय २८ मिमीचा पांढरा डबा, पातळ चौकट, आत लिहायचं "बारकोड, १००%, ३७.२९ × २५.९३, नंबर यायचाय". माप ८० टक्क्यांपर्यंत खाली नेता येतं, म्हणजे साधारण ३० बाय २१, पण पाऊचच्या छपाईत मी जागा असेल तर १०० टक्केच धरते, लॅमिनेट ताणलं जातं, शाई पसरते, उगाच काठावर कशाला चालायचं.

डब्याला पांढरा म्हणतेय त्यालाही कारण आहे. पाऊच पारदर्शक किंवा चंदेरी फिल्मचं असेल तर पांढरं हे आपोआप नसतं, पांढरी शाई वेगळी छापावी लागते, तिचा वेगळा सिलेंडर असतो. स्क्रीनवर पांढरा दिसणारा डबा छापून आल्यावर आरशासारखा चमकतो आणि बारकोड वाचला जात नाही. म्हणून डब्यावरच लिहून टाका की खाली पांढरी शाई हवी. आणि ताईंना लाल रेघांचा बारकोड हवा होता, भडंगाला शोभेल म्हणून, तर स्कॅनरचा उजेडच लाल असतो, त्याला लाल रेघा पांढऱ्याच दिसतात. काळा ठेवला.

आता कधी कधी कोरा डबा चालत नाही. क्लायंटला बँकेत दाखवायचंय, डिस्ट्रिब्युटरला दाखवायचंय, थ्रीडी चित्रात कोरे डबे बघून समोरचा म्हणतो हे अर्धवट दिसतंय. त्यावेळी मात्र रेघा हव्यातच. अशावेळी नंबर कुठला घ्यायचा याचं चांगलं उत्तर बारकोड देणाऱ्या जीएस-वन संस्थेनेच दिलंय. भारतात घेतलेल्या नंबरांची सुरुवात ८९० ने होते हे बऱ्याच जणांना माहीत असतं, पण ९५२ ही सुरुवात फक्त उदाहरणं आणि डेमोसाठी राखून ठेवलीय, ती कुठल्याच मालाला मिळत नाही. म्हणून डमी बारकोड ९५२ चाच. शेवटचा तेरावा आकडा तपासणीचा असतो, तो मनाने टाकता येत नाही. डावीकडून पहिल्या बारा आकड्यांना आळीपाळीने १ आणि ३ ने गुणायचं, बेरीज करायची, आणि पुढच्या दहाच्या पटीला जेवढे कमी पडतात तो शेवटचा आकडा. 952123456789 घेतलं तर बेरीज १२१ येते, १३० ला ९ कमी, म्हणून पूर्ण नंबर 9521234567899. हा काळ्या रेघांत स्कॅन होतो, मापात बसतो, आणि चुकून छापला गेलाच तरी कुणाच्या शॅम्पूवर जाऊन पडत नाही. दुकानात तो चालणार नाही हे अर्थातच, पण तेच तर हवंय.

क्यूआरची गोष्ट अजून नाजूक आहे, कारण बारकोड दुकानदार स्कॅन करतो आणि क्यूआर कुणीही शाळकरी पोरगं मोबाईल काढून स्कॅन करतं. टेम्प्लेटमधला क्यूआर कुठे जातो हे तुम्हाला माहीत नसतं. आज तो टेम्प्लेटवाल्याच्या साईटवर जात असेल, उद्या त्याने ते डोमेन सोडलं आणि दुसऱ्या कुणी घेतलं तर तुमच्या भडंगाच्या चित्रावरून लोक जुगाराच्या पानावर. त्यामुळे कोरा चौकोन पहिला, आणि दिसायला हवाच असेल तर example.com या पत्त्याचा. हे डोमेन उदाहरणांसाठीच कायमचं राखलेलं आहे, कुणी विकत घेऊ शकत नाही.

पण नुसतं `https://example.com` टाकू नका, तिथे मी एकदा गंडलेय. क्यूआरमध्ये मजकूर जितका लांब तितके चौकोन जास्त. एवढ्याशा पत्त्याला मध्यम दुरुस्ती-पातळी, म्हणजे क्यूआर थोडा खराब झाला तरी वाचला जावा यासाठीची तजवीज, धरली तर २५ बाय २५ चौकोनांचा क्यूआर पुरतो. खरी लिंक मात्र लांबलचक असते, पन्नासच्या पुढे अक्षरं गेली की ३३ बाय ३३ लागतात. कडेने चार चार चौकोनांची मोकळी जागा धरा, म्हणजे एकदा ३३ आणि एकदा ४१. २० मिमीच्या डब्यात पहिल्याचा एक चौकोन ०.६ मिमीचा, दुसऱ्याचा अर्ध्या मिमीहूनही किंचित कमी. मॉकअपमध्ये ठसठशीत दिसलेला क्यूआर छापताना एकदम दाट होतो आणि क्लायंट विचारतात की हा वेगळाच का दिसतोय. म्हणून डमी लिंक खऱ्याएवढी लांब घ्यायची, असं काहीतरी:

```
https://example.com/bhadang-200g-test-placeholder-link
```

ही ५४ अक्षरं आहेत. खरी लिंक याच्या आसपासच येईल असं ताईंच्या साईटवरून दिसत होतं. डबा मी २४ मिमीचा सोडला, थोडी हवा असू दे.

आता एआयने बनवलेल्या चित्रांबद्दल, कारण हल्ली निम्मे मॉकअप तिथूनच येतात. क्लायंट स्वतःच बनवून पाठवतात, "असंच हवंय". पुढची बाजू बघून आपण चाट पडतो आणि मागची बाजू झूम केली की हसू येतं. दुरून तक्ता वाटतो, जवळून अक्षरं वितळलेली, बारकोडखाली अकराच आकडे, क्यूआरला तीनऐवजी दोनच कोपऱ्यांत डोळे. क्यूआरचे ते मोठे चौकोनी डोळे तीन कोपऱ्यांत असतातच, त्यावरूनच मोबाईल त्याची दिशा ओळखतो, दोन किंवा चार दिसले की समजायचं ते नुसतं नक्षीकाम आहे. हे दुरुस्त करत बसू नका, त्या टूलकडून मजकूर मागूच नका. आणि "बारकोड नको" असं लिहिलं तर पुष्कळदा बारकोडच येतो, शब्द वाचला की काढलाच. मी फक्त कोरे पांढरे कागद मागते:

```
back of a stand-up snack pouch, three plain blank white rectangular labels, flat even lighting
```

मग त्या तीन कोऱ्या जागांवर इलस्ट्रेटरमधला आपला खरा तक्ता आणि डबे बसवायचे, पाऊचच्या वळणाप्रमाणे थोडे वाकवायचे. तरी मापं त्या चित्रावरून काढू नका. मापं नेहमी प्रिंटरने दिलेल्या डायलाईनवरून, म्हणजे पाऊचच्या कापायच्या आणि घडीच्या रेघांच्या आराखड्यावरून.

राहिला प्रश्न की हे सगळे डमी शेवटी फाईलमधून नक्की निघाले याची खात्री कशी. लेयरचं नाव "डमी" ठेवणं पुरत नाही, लेयर लपतात, नावं कुणी वाचत नाही. पूर्वी मी जागोजागी "एफपीओ" लिहायचे, म्हणजे फक्त जागा दाखवण्यापुरतं, सगळे डिझायनर लिहितात. शेतकरी उत्पादक कंपनीलाही एफपीओच म्हणतात, त्यामुळे ताईंच्या यजमानांनी ते बघून विचारलं की आपण शेतकरी कंपनी कधी काढली. तेव्हापासून मराठीत "नमुना" लिहिते. पण खरी युक्ती रंगाची आहे. इलस्ट्रेटरमध्ये एक नवा स्वॅच करा, त्याचा प्रकार स्पॉट कलर ठेवा, नाव `DUMMY`, रंग भडक गुलाबी. सगळ्या फुल्या, डब्यांच्या चौकटी, सूचना, ९५२ वाला बारकोड, झाडून सगळं याच रंगात. स्पॉट रंगाची छपाईत स्वतंत्र प्लेट पडते, पाऊच असेल तर स्वतंत्र सिलेंडर. म्हणजे फाईलमध्ये एक जरी फुली उरली तरी छपाईचा एकेक रंग वेगळा दाखवणाऱ्या सेपरेशन्स प्रीव्ह्यूच्या यादीत `DUMMY` हे नाव दिसत राहतं, आणि तुमच्या नजरेतून सुटलं तर प्रिंटरचा माणूस फोन करतो की मॅडम हा जादा रंग कसला, याचे पैसे लागतील. डमी काळ्या रंगात असता तर त्याने गुपचूप छापला असता.

लायसन्स नंबरलाही हेच. एफएसएसएआयचा नंबर चौदा आकडी असतो, तिथे १२३४ असं ओळीने लिहिण्यापेक्षा चौदा फुल्या. एमआरपी, बॅच आणि तारखेची जागा तर वेगळीच, ती आपण छापतच नाही, पॅकिंगच्या मशीनवर शिक्का पडतो, म्हणून तिथे ४५ बाय २० चा डबा, आणि त्यात काही नक्षी नको, शिक्का तिच्यात हरवतो. खालच्या पट्टीत बारकोड ४०, क्यूआर २४, शिक्का ४५, मिळून १०९, उरलेल्या २१ मध्ये मधली अंतरं. बसलं.

ताईंचा लॅब रिपोर्ट महिनाभराने आला. सोडियमसाठी सोडलेली जागा पुरली, एकूण फॅटची पुरली, क्यूआरची लिंक मात्र त्यांनी बदलून सत्तर अक्षरांची केली, तरी २४ मिमीत मावली. सगळं भरून झाल्यावर सेपरेशन्सची यादी उघडली तर `DUMMY` अजून होताच. अर्धा तास शोधत होते. सापडला तो कोलेस्टेरॉलच्या ओळीत, आडव्या रेघेच्या मागे लपलेली एक फुली.